गॅदरिंगची स्क्रिप्ट: 24 आयटम, 23 गॅप आणि अँकरने बोलायचं तरी किती

गॅदरिंगची स्क्रिप्ट लिहायला बसलं की बहुतेक जण स्वागताच्या ओळींपासून सुरू करतात, मग एक चारोळी, मग पाहुणे, मग पहिल्या डान्सची ओळख, आणि असं लिहीत लिहीत पंधराव्या आयटमपर्यंत आलं की सुचणं बंद होतं आणि तिथून पुढे सगळीकडे "यानंतर सादर होत आहे" एवढंच उरतं. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं, कारण पहिल्या अर्ध्या तासात अँकर भरभरून बोलत असतात आणि नंतर नुसती यादी वाचतात. माझं सरळ म्हणणं असं आहे की ही स्क्रिप्ट आयटमसाठी लिहायचीच नसते, ती दोन आयटमच्या मधल्या गॅपसाठी लिहायची असते. आयटम काय, ते स्वतःचं स्वतः बघून घेतात. स्टेज रिकामं असताना, माईक हलवले जात असताना, तीस चिमुरडी विंगमध्ये एकमेकांना ढकलत असताना जे मिनिटभर असतं ते तुमचं आहे.

आधी हिशोब बघा. समजा 24 आयटम आहेत आणि सरासरी साडेतीन मिनिटांचे, म्हणजे नुसतं सादरीकरण 84 मिनिटं. त्यात गॅप 23. प्रत्येक गॅप 45 सेकंदांत बसला तर सगळे मिळून सव्वासतरा मिनिटं लागतात, आणि तोच गॅप दोन मिनिटांचा झाला तर 46. म्हणजे एकही आयटम न वाढता कार्यक्रम जवळपास अर्ध्या तासाने लांबतो, आणि मग शेवटच्या मोठ्या मुलांचा डान्स सुरू होईपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. कार्यक्रम लांबला की सगळे आयटमच्या संख्येला दोष देतात, पण आधी गॅप मोजून बघा.

पहिलं काम: लिहायचं नाही, मोजायचं

तालमीला जा, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या आणि प्रत्येक आयटमच्या दोन गोष्टी टिपून ठेवा. एक म्हणजे म्युझिक संपल्यापासून शेवटचं मूल विंगमध्ये जाईपर्यंत किती सेकंद लागतात, आणि दुसरी म्हणजे पुढच्या ग्रुपचं पहिलं मूल आत आल्यापासून सगळे पोझिशनला उभे राहीपर्यंत किती लागतात. या दोन्हींच्या मध्ये सामान हलवायचं असेल तर तेही मोजा. लहान वर्गांना बाहेर जायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण एक जण हमखास आईला हात करायला थांबतो, त्यामुळे पहिली-दुसरीच्या आकड्यात दहा सेकंद वाढवूनच धरा.

हे झालं की गॅपचे सरळ तीन प्रकार पडतात. छोटा गॅप म्हणजे 15 ते 25 सेकंद, स्टेज मोकळं आहे, एक ग्रुप गेला की दुसरा आला. मधला गॅप म्हणजे 40 ते 60 सेकंद, ज्यात मुलं जास्त आहेत किंवा चार माईक लावायचेत किंवा खाली पडलेली कागदी फुलं गोळा करायचीत. आणि मोठा गॅप म्हणजे दीड मिनिटाच्या पुढचा, ज्यात नाटकाचा सेट, बाकं, वाद्यं, असलं काहीतरी आत येणार आहे.

आता शब्दांचं गणित. माईकवर नीट, न धावता बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. शाळकरी अँकर टेन्शनमध्ये याहून बरेच वेगाने बोलतात, म्हणून तुमच्याच अँकरला एक परिच्छेद माईकवर वाचायला लावून त्याचा वेग मोजून घ्या. पण 60 सेकंदांच्या गॅपला 110 शब्द लिहू नका, कारण सुरुवातीचे आठ-दहा सेकंद टाळ्यांचे असतात आणि टाळ्यांवर बोलायचं नसतं. टाळ्या ओसरायला लागल्या की मगच तोंड उघडायचं. म्हणजे हातात उरले 50 सेकंद, त्यातले 40 सेकंद पुरतील एवढंच लिहायचं, 70 शब्दांच्या आसपास, आणि बाकीचं रबरासारखं ताणता येईल असं ठेवायचं. ते कसं ते पुढे येतंच.

दुसरं काम: कार्ड

सलग कागदावर स्क्रिप्ट लिहिली की एक अडचण ठरलेली असते. कार्यक्रमाच्या दिवशी क्रम बदलतो. कुणाचा ड्रेस पोचलेला नसतो, कुणाचा पेनड्राइव्ह चालत नाही, आणि बॅकस्टेजहून निरोप येतो की 14 नंबर आधी घ्या, 13 नंतर. आता तुमच्या स्क्रिप्टमध्ये 12 नंतरची ओळ 13 नंबरच्या विषयाला गुंफून लिहिलेली, तिचं काय करणार? अँकर गडबडतो, दोन पानं पुढे, एक मागे, आणि प्रेक्षकांना माईकमध्ये फक्त कागदांची फडफड ऐकू येते.

म्हणून प्रत्येक आयटमचं एक वेगळं कार्ड करा. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, जाड कागदाचं, एकाच बाजूला लिहिलेलं, वर कोपऱ्यात मोठा नंबर आणि सगळी कार्डं एका उघडता येणाऱ्या रिंगमध्ये. कार्डाचे दोन भाग. वरच्या भागाला मी डोकं म्हणतो, म्हणजे आयटम सुरू व्हायच्या आधी बोलायच्या दोन-तीन ओळी. खालच्या भागाला शेपूट, म्हणजे आयटम संपल्यावर बोलायच्या एक-दोन ओळी. दोन्ही त्याच आयटमबद्दल असतात, शेजारच्या आयटमचा त्यात शब्दही नसतो. त्यामुळे क्रम बदलला की रिंग उघडायची, कार्ड काढून दुसरीकडे लावायचं, संपलं काम.

मग दोन आयटम जोडणारी ती छान वाक्यं कुठे गेली? ती वेगळ्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दोन कार्डांच्या मध्ये चिकटवायची. याला पूल म्हणूया. पूल हा बोनस आहे, क्रम बदलला तर चिठ्ठी काढून टाकली तरी शेपूट आणि पुढचं डोकं मिळून काम भागतं. नवीन क्रमासाठी पूल सुचला तर उत्तम, नाही सुचला तर कुणाला कळणारही नाही.

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात चार गोष्टी लिहा: आयटम किती मिनिटांचा, मुलं कुठल्या विंगमधून येणार, म्युझिक आधी सुरू होणार की मुलं आधी उभी राहणार, आणि पुढचा गॅप किती सेकंदांचा. या अँकरने बोलायच्या गोष्टी नाहीत पण त्याला माहीत असायला हव्यात, नाहीतर डावीकडून मुलं धावत येतायत आणि अँकर त्याच विंगच्या तोंडाशी उभा, असं होतं.

डोकं लिहिताना

डोक्याचा एकच कडक नियम आहे, आयटमचं नाव सगळ्यात शेवटी. "इयत्ता चौथीची मुलं आता सादर करणार आहेत रोबोट डान्स, हा डान्स बसवलाय अमुक शिक्षकांनी, यात मुलांनी टाकाऊ पुठ्ठ्यांपासून ड्रेस तयार केलेत..." असं लिहिलं की नाव ऐकताच साऊंडवाला ट्रॅक सुरू करतो आणि बाकीची माहिती म्युझिकखाली गाडली जाते. उलटं करा. आधी पुठ्ठ्यांचे ड्रेस, मग शिक्षकांचं नाव, मग वर्ग आणि सगळ्यात शेवटी "रोबोट डान्स". शेवटचे दोन शब्द म्हणजे साऊंड आणि लाईटवाल्यांचा इशारा, आणि ते दोन शब्द त्या अख्ख्या निवेदनात आधी कुठेही येता कामा नयेत. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. अँकर उत्साहात सुरुवातीलाच म्हणतो "रोबोट डान्स म्हटलं की काय आठवतं", आणि धाडकन म्युझिक सुरू. साऊंडवाल्याची काही चूक नसते, त्याने इशारा ऐकला. त्याच्याकडे या शेवटच्या शब्दांची यादी आधीच प्रिंट करून द्या.

डोक्यात आयटमचा सगळा अर्थ सांगून टाकू नका. नाटकाच्या आधी अँकर म्हणतो "पाणी वाचवण्याचा संदेश देणारं नाटक", झालं, आता बघण्यासारखं काय राहिलं? त्याऐवजी प्रेक्षकाला बघायला एक काम द्या. "या नाटकात एक बादली आहे, तिच्यावर लक्ष ठेवा" एवढं म्हटलं तरी सगळ्यांच्या माना पुढे होतात.

शेपूट लिहिताना

इथे "अप्रतिम", "खूपच सुंदर", "क्या बात है" आणि "एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या" हे चार शब्दप्रयोग स्क्रिप्टमधून शोधून काढा आणि सरळ खोडा. 24 आयटमनंतर 24 वेळा अप्रतिम म्हटलं की विसाव्या आयटमच्या मुलांच्या पालकांना ते ऐकूही येत नाही, आणि टाळ्या मागायला लागलात की लोक मागेपर्यंत वाजवत नाहीत. पूर्ण कार्यक्रमात टाळ्या दोन-तीनदाच मागायच्या, त्याही पडद्यामागच्या माणसांसाठी, कारण त्यांना आपोआप मिळत नाहीत.

मग शेपटात लिहायचं काय? तालमीत तुम्ही बघितलेली एक नेमकी गोष्ट. म्हणूनच तालमीला जायचं. मधल्या रांगेतल्या मुलीने टोपी फेकून बरोबर झेलणं, शेवटच्या पोझमध्ये खालच्या मुलांनी वरच्याला तोलून धरणं, असं काहीतरी जे नक्की घडणारच आहे. एका ओळीत ते सांगितलं की मुलांना कळतं कुणीतरी आपल्याला खरंच बघितलं. आणि समजा त्या दिवशी टोपी पडलीच, तर ती ओळ गाळा, शेपूट गाळून सरळ पुढच्या डोक्यावर गेलं तरी चालतं.

चारोळ्यांबद्दल थोडं कडू बोलतो. प्रत्येक आयटमला एक चारोळी किंवा शायरी, ही आपल्याकडच्या सूत्रसंचालनाची जुनी सवय आहे. एक-दोन ठिकाणी, संथ गाण्याच्या आधी वगैरे छान वाटते, पण बाकी ठिकाणी ऐकणारा यमक कुठलं येणार तेच ओळखत बसतो आणि आयटमशी तिचा संबंध ओढून-ताणून लावलेला असतो. शिवाय चारोळी ताणता येत नाही की कापता येत नाही, गॅपमध्ये सगळ्यात निरुपयोगी गोष्ट तीच.

आता पाच आयटम खरोखर बांधून बघू

समजा मूळ क्रम असा आला: 8 नंबर पहिलीचा पावसाचा डान्स, तीस मुलं आणि छत्र्या. 9 सहावीचं समूहगीत, वीस मुलं, चार स्टँडचे माईक. 10 आठवीचं मूकनाट्य, दोन बाकं आणि एक दाराची चौकट. 11 एका मुलीचं बासरीवादन, पडद्यापुढे. 12 नववीचा ग्रुप डान्स, स्टेज पूर्ण मोकळं हवं.

गॅप मोजले. 8 नंतर 60 सेकंद, कारण छत्र्या जाणार आणि माईक येणार. 9 नंतर 90, कारण माईक बाहेर आणि सेट आत. 10 नंतर फक्त 15, कारण पडदा पडला की बासरी पुढेच वाजणार. 11 नंतरही 15, कारण बासरी चालू असताना मागचा सेट निघून गेला. एकूण 180 सेकंद. आता बासरी उचलून समूहगीत आणि मूकनाट्य यांच्या मध्ये टाका. 9 नंतर पडदा, 20 सेकंदांत बासरी सुरू, आणि तिच्या तीन मिनिटांत मागे माईक जाऊन सेट लागतोही. बासरीनंतर 15 सेकंदांत मूकनाट्य. मूकनाट्यानंतर सेट काढायला 45. एकूण 140. वाचले फक्त 40 सेकंद, पण मुख्य फायदा तो नाही, तो दीड मिनिटाचा भला मोठा खड्डा गेला, जो बोलून भरणं चांगल्या अँकरलाही जड जातं. म्हणजे स्क्रिप्टचा निम्मा प्रश्न क्रम लावतानाच सुटतो, म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने क्रम ठरवायच्या मीटिंगला बसलंच पाहिजे. पडदा नसेल तर एकट्या कलाकाराला स्टेजच्या एका कोपऱ्यात घ्या आणि बाकीचा लाईट बंद करा, तेवढ्याने चालतं.

(क्रम लावताना अजून एक बघा, तेच मूल दोन डान्समध्ये असेल तर मध्ये निदान चार आयटम पाहिजेत, नाहीतर ड्रेस बदलायची वाट बघत अख्खं सभागृह बसतं आणि अँकर घाम पुसतो.)

आता ओळी. 8 नंतरचा गॅप 60 सेकंदांचा आहे, म्हणजे टाळ्या, शेपूट, रबर आणि डोकं सगळं लागणार.

शेपूट: "शेवटी ती पिवळी छत्री उलटी झाली, बघितलीत? वाऱ्याने नाही हं, मुद्दाम! ती बरोबर ठेक्यावर उलटी व्हावी म्हणून पहिलीच्या मुलांनी किती छत्र्या मोडल्या ते त्यांच्या बाईंनाच विचारा."

रबर: "स्टेजवर आता माईक लागतायत. माईक चार आणि गाणारे वीस. यांच्या तालमीत एक गंमत कळली. वीस जणांनी एकत्र गाताना लांब सूर धरायचा असेल आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तर गाणं मध्येच तुटतं. म्हणून हे आळीपाळीने श्वास घेतात. एक थांबतो, बाकीचे चालू ठेवतात."

डोकं: "आज तुम्हाला कुणी श्वास घेताना पकडता येतंय का बघा. गाणं बसवलंय संगीताच्या सरांनी, आणि सादर करतायत इयत्ता सहावीचे विद्यार्थी... समूहगीत."

बघा, रबराचा तुकडा कुठेही तोडता येतो. माईक लवकर लागले तर "माईक चार आणि गाणारे वीस" म्हणून थेट डोक्यावर उडी मारायची, फक्त "आज तुम्हाला कुणी श्वास घेताना" हे वाक्य तेव्हा गाळायचं कारण श्वासाचं आधी बोललेलंच नाही. असं वाक्य कार्डावर कंसात ठेवा म्हणजे अँकरला कळतं की हे रबराबरोबर जातं. आणि "समूहगीत" हा शब्द आधी कुठेच आला नाही, हेही बघा.

9 नंतर गॅप 20 सेकंद. टाळ्या दहा सेकंद धरल्या तर बोलायला दहाच उरतात. शेपूट गाळा, पूल आणि डोकं एकत्र करा: "वीस आवाज ऐकलेत, आता एकच. तोही गळ्यातून नाही. इयत्ता दहावी... बासरीवादन." एवढंच. इथे लोकांना अजून बोलायचा मोह होतो, पण बासरी घेतलेली मुलगी लाईटमध्ये उभी आहे, तिचे हात गार पडतायत, गप्प बसा.

बासरीनंतर गॅप 15 सेकंद आणि मागे सेट तयार. "पुढची सहा मिनिटं या स्टेजवर कुणी एक शब्दही बोलणार नाही. आम्हीसुद्धा." मग अँकर खरंच दोन सेकंद नुसता उभा राहतो, थोडा हशा येतो, आणि मग: "इयत्ता आठवी... मूकनाट्य." मूकनाट्याला मूकनाट्य म्हणण्याआधीच प्रेक्षक गप्प झालेले असतात, वेगळी "कृपया शांतता राखा"ची सूचना लागत नाही.

मूकनाट्यानंतर 45 सेकंद. इथे लगेच बोलू नका, सहा मिनिटांच्या शांततेनंतर अँकरने धपकन बोललेलं कानाला लागतं. टाळ्या पूर्ण संपू द्या, एक श्वास, आणि मग हळू आवाजात शेपूट: "ते दार कुणीच उघडलं नाही, आणि तरी सगळे आत गेले. घरी जाताना यावर भांडा." मग आवाज चढवत रबर: "आता मागे बाकं उचलली जातायत, ऐकू येत असेल. कारण पुढच्या मुलांना अख्खं स्टेज लागतं, एक बाकही नको. तालमीत यांनी हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या, का ते आत्ता कळेल." डोकं: "इयत्ता नववी... ग्रुप डान्स." खिडक्यांचं आपलं उदाहरण झालं, तुमच्या मुलांच्या तालमीत जे घडलं असेल तेच टाका.

या चार जोडण्या चार वेगळ्या तऱ्हांनी झाल्यात हे लक्षात आलं असेल. एक गंमतीची माहिती देऊन, एक विरोधाने, एक शांततेने, एक आवाज चढवत. सलग दोन पूल एकाच पद्धतीचे नकोत, विशेषतः प्रश्न विचारून सुरू होणारे. "मित्रांनो, तुम्हाला माहीत आहे का" तीनदा आलं की लोक मनातल्या मनात "नाही" म्हणायला लागतात.

सगळ्या 24 आयटमना एकच थीम लावायचा हट्टही सोडा. थीम "निसर्ग" ठरलेली असते आणि रोबोट डान्सला निसर्गाशी जोडताना अँकरची दमछाक होते. चार-पाच आयटमचे गट करा, गटाच्या सुरुवातीला एक जोडणारी ओळ द्या आणि आतले पूल मोकळे ठेवा.

दोन अँकर, विंगकडे नजर, आणि हातखुणा

दोन अँकर असतील तर एकच वाक्य अर्धं-अर्धं वाटून बोलू नका, "आणि आता सादर करत आहोत" एकाने आणि "आपल्यासमोर" दुसऱ्याने, हे ऐकायला नाटकी लागतं आणि एकाचा माईक बंद पडला की वाक्य लटकतं. शेपूट एकाने बोलायचं, डोकं दुसऱ्याने. आणि शेपूट बोलणाऱ्याचं काम इथे संपत नाही, तो बोलून झाला की त्याने विंगकडे बघायचं, कारण डोकं बोलणारा प्रेक्षकांकडे बघत असतो.

विंगमध्ये एकच शिक्षक किंवा मोठा विद्यार्थी खुणा करणारा ठेवा, तीन जण खुणा करायला लागले की सगळा गोंधळ. खुणा तीनच. अंगठा वर म्हणजे मुलं तयार, रबर सोड आणि डोक्यावर ये. दोन्ही तळवे एकमेकांपासून लांब नेत ओढणं म्हणजे ताण, अजून वेळ लागेल. मूठ बंद म्हणजे थांब, हा आयटम आत्ता होत नाही, क्रम बदलतोय. मूठ दिसली की अँकरने रिंगमधून राखीव कार्ड काढायचं.

राखीव कार्डं पाच-सहा असू द्या, कुठल्याच आयटमला न चिकटलेली. 30 सेकंदांची तीन, मिनिटाची दोन, दोन मिनिटांचं एक. यात काय चालतं? ड्रेस शिवण्यापासून केस विंचरण्यापर्यंत पडद्यामागे आत्ता काय चाललंय त्याचं वर्णन, मुलांनी तालमीत विचारलेले खरे प्रश्न, प्रेक्षकांकडून टाळ्यांचा एखादा ठेका वाजवून घेणं, किंवा शाळेबद्दल तीन सोपे प्रश्न ज्यांची उत्तरं माजी विद्यार्थी ओरडून देतील. विनोद ठेवू नका, विनोद पडला की उरलेले चाळीस सेकंद फार लांब होतात. म्युझिक मध्येच बंद पडलं तर काय बोलायचं हेही एका कार्डावर आधीच लिहून ठेवा, कारण त्या क्षणी कुणालाच सुचत नाही: "मुलांनो, तुम्ही तिथेच थांबा, छान उभे आहात. आपण हे पहिल्यापासून बघूया." तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी, साऊंडवाल्याला टोमणा, काही नको. मुलांना काय करायचं ते कळलं पाहिजे, तेवढं पुरतं.

भाषणं आणि बक्षिसं

यावर फार लिहीत नाही. पाहुण्यांचं नाव, पद आणि उच्चार त्यांच्याकडूनच किंवा त्यांच्या ऑफिसकडून विचारून कार्डावर लिहा, परिचय पाच ओळींच्या वर नको. बक्षिसांना प्रत्येकी 20 सेकंद लागतात असं धरलं तरी 30 बक्षिसांची दहा मिनिटं होतात, आणि फोटोसाठी थांबत गेलात तर दुप्पट. एका वेळी दहाच द्या, तीन गटांत वाटून कार्यक्रमात पसरा, आणि बक्षिसांचा एक गट मुद्दाम मोठ्या सेटच्या आधी पडद्यापुढे टाका. नावं वाचताना मधल्या कॉमेंट्स बंद, टाळ्या दहाव्या नावानंतर एकदाच.

जोड तालीम

रंगीत तालीम सगळे करतात, पण त्यात आयटम पूर्ण होतात आणि गॅप तसेच राहतात. त्याऐवजी एकदा फक्त जोडण्यांची तालीम घ्या. आयटमचे शेवटचे 15 सेकंद, मुलं बाहेर, अँकर बोलला, पुढची मुलं आत, त्यांचे पहिले दहा सेकंद, थांबा. पुढची जोडणी. सगळ्या 23 जोडण्या तासाभरात होतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी होणारे जवळजवळ सगळे घोळ इथेच दिसतात.

बघायचं काय? अँकर बोलतोय आणि मागे मुलं पोझ धरून डुलायला लागलीत, तर निवेदन लांब आहे, रबर कापा. अँकर "तर... मग... हां" करायला लागला तर लिखाण कमी पडलंय किंवा गॅप चुकीचा मोजलाय. म्युझिक लवकर सुरू होतंय तर इशाऱ्याचा शब्द आधी कुठेतरी आलाय, शोधा. अँकर एखाद्या शब्दाला दरवेळी अडखळतोय तर त्याला सराव करायला लावू नका, शब्दच बदला, "प्रात्यक्षिक" जमत नसेल तर "करून दाखवणार आहेत" म्हटलं तरी काही बिघडत नाही. वाक्यं दहा-बारा शब्दांची ठेवा, जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ मारा, अक्षर मोठं ठेवा कारण अँकरच्या कोपऱ्यात लाईट कमी असतो. आणि नवीन वेळा लगेच कार्डाच्या तळाशी लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं.

शेवटच्या आयटमनंतरचं कार्ड लोक सगळ्यात हलक्यात घेतात आणि आभाराची लांबलचक यादी त्यात कोंबतात, तोवर पालक उठून मुलं शोधायला विंगमध्ये घुसलेले असतात. आभार शेवटच्या आयटमच्या आधी घ्या, पडद्यापुढे, मागे मोठ्या डान्सची मांडणी चालू असताना. आणि अगदी शेवटच्या कार्डावर फक्त कामाचं लिहा: "सगळी मुलं आपापल्या वर्गात जातील. पालकांनी वर्गाच्या दारातूनच मुलांना घ्यायचं आहे, पहिली आणि दुसरी तळमजल्यावर, बाकी वरच्या मजल्यावर. ड्रेस आजच्या आज वर्गशिक्षकांकडे परत करायचे आहेत." हे दोनदा वाचायचं, सावकाश, आणि माईक बंद करण्याआधी साऊंडवाल्याला हात करायचा.